तीस-तीसची सवय

ऑफिसात दोन पानांच्या लोडिंगच्या वेळेची तुलना करताना आम्ही सवयीने प्रत्येकी तीस नोंदी घ्यायचो. चाचणीत फरक दिसला नाही, की ‘फरक नाही’ असं लिहून मोकळे! गेल्या शनिवारी जेकब कोहेनचा १९६२ चा लेख वाचला आणि ओशाळलो.

या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एका नियतकालिकाच्या १९६० सालच्या अंकांतले ७० अभ्यास तपासले. प्रश्न साधा: मध्यम आकाराचा फरक खरोखर असता, तर तो यांना सापडला असता का? सरासरी शक्यता निघाली ४८ टक्के. म्हणजे छापा-काटाच की!

आता हिशोब करू. मध्यम फरक म्हणजे दोन सरासरींमध्ये अर्ध्या प्रमाण विचलनाचं अंतर, d = 0.5. नसलेला फरक ‘सापडण्याची’ जोखीम ५ टक्के धरू आणि असलेला सापडण्याची शक्यता, म्हणजे पॉवर, ८० टक्के.

```
n = 2 * (1.96 + 0.84)^2 / d^2 = 62.7
```

म्हणजे प्रत्येक गटात ६३. टी-चाचणीची दुरुस्ती धरून ६४. आमच्या तीस-तीसमध्ये पॉवर भरते जेमतेम ४८ टक्के! आणि d निम्मा केला, की n चौपट.

खरी गोम d मध्येच आहे. किती फरक आपल्या कामाचा, हे नोंदी घेण्याआधी ठरवायचं. हाती आलेल्या फरकावरून मागाहून काढलेली पॉवर नवीन काहीच सांगत नाही.

१९८९ मध्ये सेडलमायर आणि गिगरेन्झर यांनी १९८४ च्या अंकांवर तीच मोजणी केली. शक्यता वाढलेली नव्हती. सवयी अशा सुटत नाहीत. असो, सोमवारी आधी d लिहून काढणार.