भाडे एकाचे, जोखीम दुसऱ्याची

जबलपूर जिल्ह्यातला पाटन हा हिरव्या वाटाण्याचा मुलूख. समजा, इथल्या वाटाण्यावर प्रक्रिया करून गोठवलेला एक कंटेनर न्हावा शेवा बंदरातून परदेशी निघाला. माल 20 लाखांचा, जहाजाचे भाडे 3 लाख, विमा 10 हजार. सौदा एफओबी असेल तर विक्रेता माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च करतो आणि 20 लाखांचे बिल लावतो. पुढचे भाडे व विमा खरेदीदाराकडे. सौदा सीआयएफ असेल तर बिल 23 लाख 10 हजारांचे होते, कारण परक्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा विक्रेत्यानेच भरलेला असतो.

इथेच पुष्कळांची गफलत होते. ज्याने भाडे भरले, वाटेतले नुकसानही त्याचेच, असे वाटते. पण दोन्ही सौद्यांत जोखीम एकाच क्षणी हलते: माल जहाजावर चढला की ती खरेदीदाराची. भाडे आणि जोखीम यांची फारकत कशी झाली, हे पाहायला मुंबईच्या एका जुन्या दाव्याकडे जावे लागते.

लंडनच्या थॉम्पसन आणि केबेल यांनी ‘फ्री ऑन बोर्ड’ अटीवर माल विकला आणि तो जहाजावर पोचवला. जहाजाच्या मेटने दिलेल्या पावत्या त्यांनी स्वतःजवळच ठेवल्या. खरेदीदारांनी रोखीऐवजी मुदतीची हुंडी स्वीकारली आणि हुंडीची मुदत भरण्याआधीच त्यांचे दिवाळे निघाले. पैसे बुडालेल्या विक्रेत्यांनी माल अजून वाटेतच आहे, तो आम्हाला अडवता येतो, असे म्हणत मुंबईत कावसजी नावाच्या गृहस्थांवर दावा लावला. मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विक्रेत्यांच्या बाजूने गेला. 1845 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. एफओबी सौद्यात माल चढवण्याचा खर्च विक्रेत्याचा असला तरी माल पाठवणारा खरेदीदारच मानला जातो. जहाजावर चढला तेव्हाच माल त्याच्या हाती पडला, विक्रेत्याच्या दृष्टीने वाट तिथेच संपली, पावत्या कुणाच्याही पेटीत असोत. एफओबीची सीमा इतक्या स्वच्छपणे आखणारा हा निकाल मुंबईच्या अपिलातून आला, याचे मला फार अप्रूप वाटते.

सीआयएफ त्यानंतरचे अपत्य. दूरच्या खरेदीदाराला परक्या बंदरात जहाज ठरवणे अवघड, म्हणून ते काम आणि विमा विक्रेत्याने अंगावर घेतला. त्या बदल्यात किंमत एकरकमी झाली. 1872 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे मॉरिशसच्या साखरेचा खटला आला. किंमत, भाडे, विमा अशी एकत्र बोली, 500 टनांची मागणी आणि प्रत्यक्षात जेमतेम 400 टन माल. त्यात न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी ही पद्धत उलगडून सांगितली: बिल ऑफ लेडिंग, विमापत्र आणि बीजक खरेदीदाराकडे पाठवायचे, त्याने ती कागदपत्रे घेऊन हुंडी स्वीकारायची. म्हणजे पैसा कागदांवर मिळतो. जहाज वाटेत बुडाले तरी करारात बसणारी कागदपत्रे समोर आल्यावर खरेदीदाराला पैसे द्यावेच लागतात. त्याने दाद विमा कंपनीकडे मागायची.

आता पाटनच्या कंटेनरकडे येऊ. भर समुद्रात शीतयंत्र बंद पडून वाटाणा वितळला, तर नुकसान खरेदीदाराचे, सौदा कोणताही असो. सीआयएफमध्ये त्याच्याजवळ विमापत्र असते, रक्कम किमान किमतीच्या 110 टक्के, म्हणजे 25 लाख 41 हजार. पण इन्कोटर्म्स या आंतरराष्ट्रीय व्यापार-अटींनुसार विक्रेत्याने कमीत कमी संरक्षणाचा, ‘क्लॉज सी’चा विमा काढला तरी पुरतो. त्यात आग, टक्कर, जहाज बुडणे येते. नुसते शीतयंत्र बिघडणे येत नाही. हे कलम वाचले नसेल तर खरेदीदाराच्या हाती विमापत्र असूनही भरपाई शून्य. वितळणाऱ्या मालाला वेगळे संरक्षण करारातच मागून घ्यावे लागते.

एफओबीत विम्याची काळजी खरेदीदाराची, पण विक्रेत्यालाही मोकळीक नाही. भारताच्या 1930 च्या मालविक्री कायद्याच्या कलम 39 नुसार, समुद्रमार्गे माल पाठवताना खरेदीदाराला विमा उतरवता येईल अशी सूचना विक्रेत्याने द्यायची. करारात वेगळे ठरले नसेल आणि सूचना दिली नाही, तर समुद्रातली जोखीम त्याच्याच माथी राहते.

आणखी एक फट आहे, जी बंदरापासून दूर बसलेल्या विक्रेत्याला महागात पडते. कंटेनर बंदराच्या यार्डात सोपवल्यावर तो जहाजावर चढेपर्यंत काही दिवस जाऊ शकतात. त्या काळात यार्डातली वीज गेली आणि माल खराब झाला, तर एफओबी असो की सीआयएफ, नुकसान विक्रेत्याचे, जरी कंटेनर त्याच्या ताब्यात नसला तरी. म्हणूनच इन्कोटर्म्स कंटेनरसाठी एफओबीऐवजी एफसीए सुचवतात. त्यात ठरलेल्या ठिकाणी खरेदीदाराच्या वाहतूकदाराकडे माल सोपवला की जोखीम हलते. पाटनच्या विक्रेत्याने ते ठिकाण करारात नावानिशी लिहून घ्यावे, आणि कंटेनर सोपवताना तापमानाची नोंद असलेली पावतीही.