रोजची की उद्याची?

प्रभूच्या प्रार्थनेतली ‘रोजची भाकर’ मराठी ख्रिस्ती घरांत पोरासोरांनाही पाठ असते. त्यातल्या ‘रोजची’च्या जागी मूळ ग्रीकमध्ये ‘एपिऊसिओस’ आहे. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतली ही एक ओळ आणि तिचेच उल्लेख सोडले तर हा शब्द जुन्या ग्रीकमध्ये आढळत नाही. तिसऱ्या शतकातला ओरिजेन ग्रीकातच वाढलेला. त्यानेही लिहून ठेवलं की हा शब्द पंडितही वापरत नाहीत आणि सामान्य लोकही नाहीत. शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा.

मला या शब्दाचा नाद लागला तो एका खर्चाच्या यादीमुळे. इजिप्तमधल्या हवारा इथे सापडलेल्या पपायरसवर घरखर्चाच्या नोंदी होत्या, त्यांत हरभरेही होते. १८८९मध्ये ए. एच. सेस यांनी ती छापली आणि एका ओळीत ‘एपिऊसि…’ अशी अक्षरं वाचली. पुढे अभ्यासकांनी त्याचा अर्थ ‘दिवसाचा शिधा’ असा लावला आणि कोशांना आधार मिळाला. पण मूळ कागदच गहाळ झाला. तो १९९८मध्ये येल विद्यापीठाच्या संग्रहात हाती लागला. पुन्हा वाचला, तेव्हा तिथे ‘एलाइऊ’ निघालं, म्हणजे तेल! एकुलता एक बाहेरचा साक्षीदार असा गेला.

उरतो तो शब्दाच्या पोटातला पुरावा. लॅटिन भाषांतर करताना जेरोमने लूकमध्ये ‘रोजची’ हाच अर्थ राहू दिला, पण मत्तयमध्ये ‘ऊसिया’, म्हणजे सत्त्व, धरून ‘सत्त्वापलीकडची’ भाकर केली. एकाच शब्दाची, एकाच माणसाच्या हातून, दोन भाषांतरं! सिरियाक पेशित्ता म्हणते ‘आमच्या गरजेची’.

मला जेरोमची फोड पटत नाही, कारण संधी आड येतो. ‘एपि’पुढे स्वर आला की त्यातली इ सहसा गळते, ‘एपि’ आणि ‘ऊसिया’ जोडले तर ‘एपूसिओस’ व्हायला हवं. अपवाद आहेत, पण आधी नियम बघावा. उलट ‘येणं’ या धातूपासूनचं ‘एपिऊसा’ म्हणजे ‘येणारा दिवस’ हे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात सरळ वापरलेलं आहे. तिथली इ धातूची स्वतःची, म्हणून ती टिकते. शिवाय जेरोमच सांगतो की इब्री लोकांच्या शुभवर्तमानात इथे ‘माहार’ होतं, म्हणजे ‘उद्या’.

यावर नेहमीचा आक्षेप असा की मत्तयच्या त्याच अध्यायात येशू उद्याची काळजी करू नका म्हणतो. पण उद्याचं मागून टाकलं, तर काळजी कशाला उरेल? आणि यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. संध्याकाळी ही प्रार्थना म्हणणाऱ्याला ‘येणाऱ्या दिवसाची’ भाकर म्हणजे सकाळी उठल्यावर लागणारीच भाकर.