भात झकास, मग वालच पिवळा का? आंबट जमिनीचं कोडं

वसई : महामार्गाच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी ज्यांची शेती आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. पावसाळ्यात भात चांगला येतो. भात कापून ओलीवर वाल टाकला की महिनाभर बरा दिसतो आणि मग खालची पानं पिवळी पडतात. झाड वीतभर राहतं, शेंगा मोजक्याच लागतात. आपण म्हणतो, ओल कमी पडली किंवा बियाणं खराब निघालं.

आमच्या भागात नुकत्याच झालेल्या शेतकरी बैठकीत याच विषयावर वीसेक मिनिटं बोलणं झालं. बोलणारे कृषी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी भाषण केलं नाही. दोन ग्लासांत दोन शेतांतली माती शुद्ध पाण्यात ढवळली, निवळू दिली आणि सामू बघायची कागदी पट्टी बुडवली. पायथ्याच्या तांबूस मातीतली पट्टी पिवळसर राहिली, तर पश्चिमेकडच्या केळीच्या वाडीतल्या मातीची हिरव्या-निळ्याकडे गेली. एकाच तालुक्यातली माती, पण दोन तऱ्हेची.

सामू म्हणजे पीएच. ७ म्हणजे ना आंबट ना खारट, त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्क. यात एक गोष्ट फसवते. ६ वरून ५ ला आलो म्हणजे थोडंसंच घसरलो असं वाटतं, पण एका आकड्याला आंबटपणा दहा पट वाढतो आणि दोन आकड्यांना शंभर पट. त्यामुळे मृदा आरोग्य पत्रिकेवर ५.२ लिहिलं असेल तर 'सहाच्या जवळच आहे' म्हणून सोडून देऊ नका.

जमीन आंबट होते ती मुख्यतः पावसानं. आपल्याकडचा धो धो पाऊस मातीतला चुना आणि मॅग्नेशियम धुऊन नेतो आणि लोह, अ‍ॅल्युमिनियम मागे राहतं. वर्षानुवर्षं टाकलेला युरिया नि अमोनियम सल्फेटही मातीत आम्ल सोडतात.

एवढ्यात मागून एका आजोबांनी विचारलं, "साहेब, जमीन आंबट असेल तर मग भात कसा येतो?" प्रश्न अगदी मुद्द्याचा होता.

साहेब म्हणाले, "बाबा, भाताच्या शेतात तुम्ही पाणी तुंबवता. तिथंच सगळी मेख आहे."

पाणी तुंबलं की मातीतली हवा संपते. मग मातीतले जिवाणू हवेऐवजी लोहाच्या गंजावर गुजराण करतात आणि त्या क्रियेत आम्ल खर्च होतं. काही आठवड्यांत त्याच जमिनीचा सामू साडेसहा-सातच्या आसपास येतो. गंजानं धरून ठेवलेलं स्फुरदही मोकळं होतं आणि भाताला मिळतं. म्हणजे भाताला आंबट जमीन भेटतच नाही म्हणा ना. दिवाळीनंतर पाणी उतरलं, भेगा पडल्या आणि हवा आत शिरली की जमीन पुन्हा मूळ आंबटपणावर येते. नेमका त्याच वेळी आपण वाल पेरतो.

तिथून वालाचे हाल सुरू होतात. सामू साडेपाचच्या खाली गेला की अ‍ॅल्युमिनियम विरघळून मुळांच्या टोकाला बाधतं. मुळं आखूड, जाडसर आणि ठोंबी होतात आणि खालच्या ओलीपर्यंत पोचत नाहीत. म्हणून ओल असूनही झाड तहानलेलं दिसतं. दुसरं, तुम्ही टाकलेलं सुपर फॉस्फेट लोह आणि अ‍ॅल्युमिनियम पकडून ठेवतं. स्फुरद शेतात असतं, झाडाला मिळत नाही. तिसरं नुकसान सगळ्यात मोठं. वालाच्या मुळावरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र झाडाला देतात. त्यांना चुना लागतो आणि मॉलिब्डेनम नावाचं द्रव्य अगदी चिमूटभर लागतं. आंबट जमिनीत दोन्हींची टंचाई असते. गाठी धरत नाहीत, नत्र मिळत नाही आणि खालची पानं आधी पिवळी पडतात.

घरच्या घरी ओळखायचं असेल तर पेरल्यावर पस्तीस-चाळीस दिवसांनी एक रोप ओढू नका, खुरप्यानं मातीसकट काढा. मुळं पाण्यात हलवून धुवा आणि एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर गाठ काम करते. पांढरी किंवा हिरवट असेल, नाहीतर गाठीच नसतील, तर जिवाणू कामावर नाहीत. तरीही नुसत्या पिवळ्या पानावरून चुना टाकायला धावू नका, आधी माती तपासा.

नमुना भात कापल्यावर, खत टाकण्याआधी घ्यायचा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा करून कडेची माती घ्यायची. बांध, झाडाखालची जागा आणि शेणखताच्या ढिगाची जागा टाळायची. सगळी माती एकत्र करून सावलीत वाळवायची आणि त्यातली अर्धा किलो गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडे द्यायची. राब भाजलेल्या तुकड्यातली माती तर अजिबात मिसळू नका. राख स्वतःच आम्ल मारते, त्यामुळे आकडा चुकीचा येतो.

माझ्या दहा गुंठ्यांचा सामू ५.३ आला होता. अशा जमिनीसाठी हेक्टरी दोन ते चार क्विंटल चुना पेरणीच्या ओळीत टाकायची शिफारस आहे, म्हणजे गुंठ्याला दोन ते चार किलो. मी मधला आकडा धरला, तीन किलो. दहा गुंठ्यांना ३० किलो होतो, पण मी अर्ध्यातच टाकला, म्हणजे १५ किलो. बाकी अर्धं तसंच ठेवलं, फरक कळावा म्हणून. चुनखडीची बारीक दळलेली भुकटी आणली, सरीत टाकली, वर बोटभर माती ओढली आणि मग बी टाकलं. चाळीस दिवसांनी चुन्याच्या बाजूच्या मुळांवर गुलाबी गाठी होत्या. दुसऱ्या बाजूला शोधूनही दोन-तीन सापडल्या. शेंगा मात्र मी वेगवेगळ्या तोलल्या नाहीत, ती माझी चूक. तुम्ही तोला.

दुकानात जपून विचारा. जिप्समला चुना समजू नका. त्यानं सामू वाढत नाही, तो खारवट-अल्क जमिनीसाठी वापरतात. विरलेला चुना भुकटीपेक्षा जहाल असतो. १०० किलो चुनखडीचं काम साधारण ७४ किलो विरलेला चुना करतो, शिवाय हात भाजतात. युरियासोबत चुना कधीच मिसळू नका. अमोनिया वायू होऊन नत्र उडून जातं. सुपर फॉस्फेटसोबतही नको, चुना स्फुरद बांधून टाकतो.

पश्चिमेकडच्या वाडीवाल्यांसाठी साहेबांनी वेगळं सांगितलं. पट्टी निळीकडे जात असेल आणि कोवळी पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहत असतील, तर ती लोहाची टंचाई आहे. अशा जमिनीत लोह आणि जस्त मुळाला मिळत नाही. तिथं चुना टाकला तर दुखणं वाढेल. पूर्वेकडच्यांनी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून दुप्पट टाकला तरी शेवटी हेच होतं.

मातीचा नमुना भात निघाल्याच्या आठवड्यातच द्या. वालाची पेरणी तोंडावर आली की अहवालाची वाट बघायला वेळ उरत नाही.