कुलवृत्तांतातल्या चुका कशा शोधायच्या? तारखा, नाती आणि पुरावे तपासण्याची पद्धत

अनेक घरांत आजोबांनी किंवा एखाद्या काकांनी लिहून ठेवलेला कुलवृत्तांत असतो. छापण्याआधी किंवा पुढच्या पिढीची नावं जोडण्याआधी तो तपासावा लागतो, कारण एक चूक झाली की पुढच्या सगळ्या पिढ्या चुकीच्या फांदीवर जाऊन बसतात.

ही तपासणी कशी होते, हे समजण्यासाठी एक काल्पनिक पान घेऊ:

"विठ्ठल गोविंद. जन्म माघ शके १७९२ (इ.स. १८७०). १९१८ च्या साथीत निधन. मोठा मुलगा गोविंद विठ्ठल यांनी १८८९ मध्ये गावची जमीन विकत घेतली. त्यांचे भाऊ सदाशिव."

वाचताना खटकत नाही, पण या चार ओळींत चार प्रश्न आहेत.

शकाचं इसवी सन करताना काय चुकतं?

शके सालात ७८ मिळवले की इसवी सन मिळतं, हा नियम वर्षभर लागू होत नाही. शक चैत्रात सुरू होतो आणि इसवी सन जानेवारीत बदलतं. त्यामुळे माघ आणि फाल्गुनात ७९ मिळवावे लागतात. पौष महिना दोन्हींच्या सीमेवर येतो, तिथे तिथी पाहावी लागते. म्हणजे विठ्ठल यांचा जन्म १८७१ चा. मूळ नोंदीत फक्त शके १७९२ असेल, तर १८७०-७१ असं लिहावं. मूळ शके साल मात्र कधीही खोडू नये.

एकाच नावाची दोन माणसं

१८८९ मध्ये विठ्ठल १८ वर्षांचे होते. त्यांचा मुलगा तेव्हा जमीन विकत घेऊ शकत नाही. मग साल चुकलं की माणूस?

नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत असल्याने एकाआड एक पिढीत तेच नाव येतं. विठ्ठल यांच्या वडिलांचं नाव गोविंद होतं. त्यांच्याही वडिलांचं नाव विठ्ठल असेल, तर तेही "गोविंद विठ्ठल"च. जमीन बहुधा त्यांनी घेतली असावी. पण हा अंदाज झाला. निकाल खरेदीखत देऊ शकतं, कारण त्यात नावासोबत वय, धंदा आणि राहण्याचं ठिकाण लिहिण्याची पद्धत आहे. वय ४५ असेल तर ते थोरले गोविंद. दोघांना वेगळा क्रमांक द्यावा, म्हणजे पुढे गोंधळ होत नाही.

साथ खरी, पण मृत्यू?

१९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली होती, हे खरं. पण त्यावरून विठ्ठल त्यातच गेले हे ठरत नाही. समजा, तलाठी दप्तरातल्या जुन्या फेरफारात १९१६ ची वारस नोंद सापडली. वारस नोंद मृत्यूनंतरच होते, म्हणजे १९१८ हे साल बाद. मात्र आधी मयत व्यक्तीच्या वडिलांचं नाव जुळतं का, हे पाहावं. नाहीतर पुन्हा थोरले-धाकटे असा घोळ होतो. साथीची गोष्ट काढून टाकू नये. "घरात असं सांगितलं जातं" असं लिहून, कोणी सांगितलं हेही नोंदवावं.

'भाऊ' म्हणजे नेमका कोण?

मराठीत सख्खा, चुलत, मावस, आते, मामे हे सगळे 'भाऊ'च. समजा, १९१६ च्या नोंदीत वारस म्हणून गोविंद आहेत, सदाशिव नाहीत. मग ते चुलतभाऊ असतील, किंवा सख्खे असून दत्तक गेलेले असतील. दत्तक गेलेल्या मुलाचा जन्मघराच्या मिळकतीवरचा हक्क संपत असे आणि त्याच्या नावापुढे दत्तक वडिलांचं नाव लागत असे. त्यामुळे एकच माणूस कुलवृत्तांतात दोनदाही येऊ शकतो. दत्तकपत्र मिळालं तर जनक पिता आणि दत्तक पिता दोन्ही लिहावेत. मिळालं नाही तर "नातं अनिश्चित" एवढंच लिहावं.

कोणत्या कागदावर किती विश्वास?

कागद घटनेच्या किती जवळ लिहिला गेला, हे पाहावं. जन्म-मृत्यू नोंदवहीतली तारीख सहसा लगेच लिहिलेली असते. शाळेच्या दाखल्यातली जन्मतारीख काही वर्षांनी सांगितलेली असते. जुन्या पिढीत अनेकांची ती १ जून आहे, कारण प्रवेशाच्या वेळी सोयीची तारीख घातली जायची. दाखल्यावर १ जून दिसली, तर वर्षही अंदाजे असू शकतं.

तपासणीनंतर ते पान असं होईल: "विठ्ठल गोविंद. जन्म माघ शके १७९२ (इ.स. १८७१). निधन १९१६ किंवा त्याआधी (वारस नोंद). साथीत गेल्याचं घरात सांगितलं जातं. मुलगा गोविंद (धाकटे). जमीन खरेदी १८८९, बहुधा थोरले गोविंद. खरेदीखत पाहणं बाकी. सदाशिव: नातं अनिश्चित."