पेटी अडकली, खातं रिकामं झालं

(माणूस आणि आकडे उदाहरणादाखल, पद्धत खरी.)

सकाळी ११. खातं रिकामं व्हायला पाच तास. रत्नागिरीच्या एका बागायतदाराने डोंबिवलीला कुरियरने पाठवलेली हापूसची पेटी तीन दिवस झाले तरी पोचलेली नाही. मे महिना, आंबा थांबणार नाही. कुरियरचा खरा नंबर खिशातल्या पावतीवर आहे, पण ते मोबाइलवर ‘कस्टमर केअर’ शोधतात. वर दिसतो तो नंबर भामट्याचा. मोबाइलवरच्या नकाशातल्या नोंदीत कुणीही बदल सुचवू शकतो. २०१८ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या शाखांचे नंबर असेच बदलल्याच्या तक्रारी महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे आल्या होत्या.

दुपारी १२. फोन लागत नाही. पाच मिनिटांत उलट फोन येतो, हिंदीत, अगदी अदबीने. “सर, पत्ता अपडेट करायला फक्त पाच रुपये.” पाच रुपयांना कोण घाबरतं? ही रक्कम मुद्दामच एवढी लहान ठेवलेली असते.

दुपारी १. “मदतीसाठी” एक ॲप उतरवून घ्यायला सांगतात आणि त्यावर दिसणारा नऊ आकडी कोड विचारतात. तो सांगून परवानगीचं बटण दाबलं, की मोबाइलचा पडदा तिकडेही दिसू लागतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कच्या अशाच वापराबद्दल बँकांना सावध केलं होतं. ॲप लबाड नाही, संगणक दुरुस्त करणारे ते रोज वापरतात. लबाड आहे तो कोड मागणारा.

२. आता एक फॉर्म. पाच रुपये भरण्यासाठी त्यात नेटबँकिंगचा आयडी आणि पासवर्ड लिहायचा. बँकेचं ॲप बऱ्याचदा पडदा काळा करतं, म्हणूनच हा साधा फॉर्म. भामटा स्वतःच्या संगणकावरून लॉगिन करतो. ओटीपी आपल्याकडे येतो, वाचतो मात्र तो. “मी ओटीपी कुणाला सांगितलाच नाही,” असं नंतर म्हणतात ना, ते खरंच असतं.

३. नवीन खातं जोडल्यावर बऱ्याच बँका काही काळ मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. म्हणून सूचना येते: “प्रोसेस चालू आहे, मोबाइल बंद करू नका.” सगळ्या प्रकारात हाच तास सोन्याचा. इंटरनेट बंद करून बँकेत फोन केला असता, तरी पैसे वाचले असते.

४. ५०,०००. पुन्हा ५०,०००. मग ९०,०००. मोसमाची कमाई गेली.

४.२०. मुलगा सायबर हेल्पलाइनचा १९३० लावतो. पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे सरकले नसतील, तर तिथेच गोठवता येतात. त्या खात्यात आता १०,००० शिल्लक आहेत.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर गेले, तर बँकेचं. १९३० नंतर लगेच बँकेलाही कळवा आणि तक्रारीचा क्रमांक वेळेसकट लिहून ठेवा.