बोल्टचे सूचिपत्रीय छायाचित्रण

पोलादी बोल्ट, नट इत्यादी मालाची खातरजमा गिऱ्हाइकास कागदावरच करता यावी, यासाठी घेतलेली छायाचित्रे. दहा मिलिमीटर व्यासाच्या प्रमाणित जाड आट्यांच्या बोल्टमध्ये लगतच्या आट्यांतील अंतर 1.5 मिमी. असते, म्हणून चित्रात दहा आट्यांची लांबी व्यासाच्या सुमारे दीडपट भरली पाहिजे. जवळून घेतलेल्या चित्रात कॅमेऱ्याकडचे टोक फुगून हे प्रमाण बिघडते, यास्तव दीर्घ नाभ्यंतराचे भिंग योजून कॅमेरा दूर, बोल्टच्या अक्षाशी काटकोनात ठेवतात. पोलादाचा गुळगुळीत पृष्ठभाग आरशाप्रमाणे सभोवतालचे सर्व प्रतिबिंबित करीत असल्याने दिव्यापुढे पांढरा अर्धपारदर्शक पडदा धरतात आणि कडा पार्श्वभूमीत विरू नयेत म्हणून दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या उभ्या करतात. प्रकाश अक्षाच्या दिशेने तिरपा पाडल्यास आट्यांचे माथे उजळून खाचा गडद दिसतात. समोरून पाडल्यास त्या सपाट भासतात. उदासीन करड्या पत्रिकेवरून रंगसमतोल साधला नाही, तर जस्ताचा निळसर मुलामा पिवळट दिसून मालाविषयी गैरसमज होतो. उभ्या बोल्टचे उजवे आटे डावीकडून उजवीकडे चढतात. चित्र डावे-उजवे उलटून छापल्यास ते डावे ठरतात. डोक्यावरील 8.8 हा दर्जांक असा उलटला तरी जवळजवळ तसाच दिसत असल्याने त्यावरून ही चूक उघड होत नाही.