७१ म्हणजे ७१ नव्हे: आयक्यूच्या आकड्यासोबत मर्यादा का छापतात?

आयक्यू चाचणीचा खरा अहवाल कधी पाहिलात, तर एका आकड्याशेजारी कंसात आणखी दोन आकडे दिसतील. उदाहरणार्थ, ७१ आणि पुढे (६७–७७), ९५ टक्के. समाजमाध्यमांवर मिरवला जातो तो फक्त पहिला आकडा. कंसातल्या आकड्यांना 'कॉन्फिडन्स इंटरव्हल' म्हणतात, मराठीत विश्वास-मर्यादा म्हणू. या मर्यादेवर एकदा एका माणसाचं जगणं-मरणं अवलंबून होतं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली 'अॅटकिन्स विरुद्ध व्हर्जिनिया' खटल्यात ठरवलं, की बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला मृत्युदंड देणं घटनाबाह्य आहे. ही अक्षमता ठरवायची कशी, ते मात्र राज्यांवर सोडलं. फ्लोरिडाने सोपा रस्ता धरला. आयक्यू ७० किंवा त्याखाली असेल तर पुढचा पुरावा बघायचा, ७१ असेल तर तिथेच विषय बंद.

फ्रेडी ली हॉल या कैद्याला १९७८ मधल्या एका खुनासाठी मृत्युदंड झाला होता. न्यायालयाने ग्राह्य धरलेले त्याचे गुण ७१ ते ८० दरम्यान होते. शाळेतल्या नोंदी होत्या, भावंडांच्या साक्षी होत्या, पण आकडा ७० च्या वर असल्याने फ्लोरिडाच्या नियमाप्रमाणे त्यांना काही किंमत नव्हती.

एका गुणाने काय फरक पडतो?

समजा एकाच माणसाला एकच चाचणी शंभर वेळा दिली, आणि दर वेळी आधीची त्याच्या स्मरणातून पूर्ण पुसली गेली. प्रत्यक्षात हे शक्य नाही, पण कल्पना करा. शंभरही वेळा तोच आकडा येणार नाही. एखाद्या दिवशी झोप नीट झालेली नसते, एखाद्या प्रश्नात अंदाज बरोबर लागतो, कधी नेमका माहितीतला शब्द विचारला जातो. या सगळ्या आकड्यांची सरासरी म्हणजे त्या माणसाचा त्या चाचणीवरचा 'खरा गुण'. आपल्या हातात मात्र शंभरातला एकच आकडा असतो.

तो आकडा खऱ्या गुणापासून साधारण किती भरकटू शकतो, याचा अंदाज चाचणी बनवणारे आधीच काढून ठेवतात. त्यासाठी चाचणीची विश्वासार्हता लागते. तिचे निरनिराळे भाग एकमेकांशी किती सुसंगत निकाल देतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा घेतल्यावर लोकांची क्रमवारी किती टिकते, यावरून शून्य ते एक यांमधला एक आकडा मिळतो. नावाजलेल्या चाचण्यांच्या एकूण आयक्यूसाठी तो ०.९७ च्या आसपास असतो. आयक्यूची मोजपट्टी अशी आखलेली असते की सरासरी १०० आणि गुणांचा प्रमाणित फैलाव १५. मग चुकेचं माप असं निघतं:

१५ × √(१ − ०.९७) = सुमारे २.६

याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे ५ गुण, दोन्ही बाजूंना धरले की ९५ टक्क्यांची मर्यादा मिळते. शंभर जणांसाठी अशी मर्यादा काढली, तर साधारण पंचाण्णव जणांचा खरा गुण आपापल्या मर्यादेत सापडेल. ०.९७ ही उत्तम विश्वासार्हता आहे, आणि तरीही मर्यादेची रुंदी दहा गुण भरते.

हॉलच्या खटल्यात न्यायालयाने हेच माप २.५ धरलं, त्यामुळे ७१ चा अर्थ ६६ ते ७६ असा झाला. चाचणी बनवणारेच सांगतात की इथे पाच गुणांची चूक संभवते, आणि राज्य मात्र एका गुणावर दार बंद करतं. २७ मे २०१४ रोजी न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी फ्लोरिडाचा कडक नियम रद्द केला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिला. त्याचा अर्थ हॉल आपोआप सुटला असा नव्हता. गुण चुकेच्या मर्यादेत असेल, तर रोजच्या जगण्यातल्या क्षमतेचा पुरावा ऐकावाच लागेल, एवढंच ठरलं. २०१६ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा मृत्युदंड रद्द केला.

सुरुवातीच्या उदाहरणात ७१ साठी ६७–७७ लिहिलं होतं. ७१ च्या खाली चार आणि वर सहा, ही छपाईची चूक नाही. खूप कमी गुण मिळालेल्यांमध्ये त्या दिवशी नशीब वाईट असलेले लोक थोडे जास्त असतात, आणि खूप जास्त गुणांमध्ये नशीब चांगलं असलेले. म्हणून अनेक अहवालांत मर्यादेचा मध्य सरासरीकडे किंचित सरकवलेला असतो. १३० गुण असतील तर मर्यादा खालच्या बाजूला झुकलेली दिसेल.

ही मर्यादा फक्त दैवयोगाच्या चुका मोजते, हे विसरू नये. चाचणी मुलाच्या भाषेत नव्हती, तिची तुलनासारणी वीस वर्षं जुनी होती, तीच चाचणी दोन महिन्यांपूर्वी देऊन झाली होती, किंवा मूल तापाने फणफणत होतं, यातलं काहीही त्या कंसात धरलेलं नसतं. असं काही असेल तर मर्यादा चुकीच्या जागी, पण तितक्याच रुबाबात छापली जाते.

एकूण आयक्यू ही सरासरी नाही

आता त्या मुख्य आकड्याकडे वळू. मोठ्यांसाठीची वेक्सलर चाचणी घ्या. तिच्या २००८ च्या चौथ्या आवृत्तीत दहा मुख्य उपचाचण्या आहेत: शब्दांचे अर्थ, दोन गोष्टींतलं साम्य, ठोकळ्यांची नक्षी, आकडे ऐकून म्हणणं, चिन्हं भराभर शोधणं वगैरे. त्यांचे चार गट पडतात: भाषिक आकलन, दृश्य तर्क, कार्यस्मृती आणि प्रक्रियेचा वेग. प्रत्येक गटाचा वेगळा गुण असतो आणि दहाही उपचाचण्यांच्या बेरजेवरून एकूण आयक्यू ठरतो. हाच 'कंपोझिट स्कोअर', म्हणजे एकत्रित गुण.

पण ती बेरीज भागून आकडा काढत नाहीत. आपल्या वयाच्या लोकांमध्ये एवढी बेरीज किती दुर्मीळ आहे, हे सारणीत बघून आकडा देतात. एकूण आयक्यू म्हणजे रांगेतली जागा. यातून एक विचित्र वाटणारी गोष्ट घडते. समजा कुणाचे चारही गट-गुण ७० आहेत. एकूणही ७० असेल ना? नाही, तो त्याहून कमी येतो.

कारण असं, की कुठल्याही एका गटात ७० किंवा त्याखाली शंभरातले साधारण दोघे असतात. पण एका गटात कच्चे असलेले बहुतेक लोक दुसऱ्या एखाद्या गटात बरे असतात. चारही ठिकाणी खाली असणं त्याहून बरंच दुर्मीळ आहे, आणि एकूण आकडा ते दुर्मीळपण मोजतो. गटांमधला परस्परसंबंध ०.५ धरला, तर चार ७० मिळून एकूण गुण ६२ च्या आसपास येतो. वरच्या टोकाला हेच उलटं होतं. चारही १३० असतील तर एकूण १३८ च्या जवळ जाईल.

अनेक उपचाचण्या एकत्र केल्या की एकीतली नशिबाची चूक दुसरीतली काही अंशी खोडून काढते, म्हणून एकूण आकडा सगळ्यांत भरवशाचा असतो. एखाद्या गटाची विश्वासार्हता ०.९० असेल, तर त्याची मर्यादा दोन्हीकडे नऊ गुणांची होते. मात्र आतली उंचसखल जमीन या एकूण आकड्यात दिसत नाही. एकाचे चारही गट नव्वदीच्या आसपास आहेत. दुसऱ्याचं भाषिक आकलन ११२, दृश्य तर्क १००, कार्यस्मृती ८०, वेग ७२. दोघांचा एकूण आयक्यू जवळपास सारखाच येईल. दुसऱ्याला वर्गात समजतं सगळं, पण पेपर वेळेत पुरा होत नाही. त्याला नुसतं 'नव्वद' म्हणणं म्हणजे त्याची अडचणही झाकणं आणि ताकदही.

याचं दुसरं टोकही वाईट. सर्वांत वरच्या आणि खालच्या गटात वीसेक गुणांचं अंतर अगदी सामान्य लोकांतही नेहमी आढळतं, त्याला लगेच आजाराचं नाव द्यायचं कारण नाही. शिवाय दोन गुणांची वजाबाकी केली की दोन्हींच्या चुका एकत्र येतात. भाषिक आकलन आणि वेग यांच्यात साधारण अकरा गुणांपेक्षा कमी फरक असेल, तर तो खरा आहे असंही ठामपणे म्हणता येत नाही.

जाता जाता आपल्याकडचं एक. वि. वि. कामत यांनी बिनेच्या चाचणीचं मराठी आणि कानडीत रूपांतर केलं, आणि 'बिने-कामत' हे नाव आजही अहवालांत दिसतं. तिथे बौद्धिक वय भागिले खरं वय, गुणिले शंभर, असा आयक्यू काढतात. अशा भागाकारी आयक्यूत गुणांचा फैलाव वयानुसार बदलतो, म्हणून त्यातला ७० आणि वेक्सलरचा ७० एकच समजू नये.

गुण एक नाही, पाच असतील तर?

हॉल खटल्यात विरोधी मत देणारे न्यायमूर्ती सॅम्युअल अॅलिटो यांचा मुद्दा दखल घेण्याजोगा होता. कुणी पुन्हा पुन्हा चाचणी देऊन दर वेळी ७० च्या वर येत असेल, तर चुकेची शक्यता कमी होत नाही का? होते. पण ते गुण एकत्र कसे करायचे?

अलाबामातल्या जोसेफ स्मिथ या कैद्याचे पाच गुण होते: ७५, ७४, ७२, ७८, ७४. तिथल्या जिल्हा न्यायालयाने सर्वांत कमी ७२ मधून ३ वजा करून ६९ असू शकतो असं म्हटलं आणि पुढचा पुरावा ऐकला. पाचांतला सर्वांत खालचा उचलून त्याची खालची कड धरणं हे संख्याशास्त्राच्या दृष्टीने कच्चं आहे, कारण उरलेले चार आकडेही काही सांगत असतात. साधी सरासरी ७४.६ येते, पण तीही बरोबर नाही. वर पाहिलं तसं, पाचही वेळा सरासरीच्या इतकं खाली असणं एकदा असण्याहून दुर्मीळ आहे. या चाचण्यांमधला परस्परसंबंध ०.८ धरला, तर एकत्रित गुण ७२ च्या थोडा वर येतो, आणि त्याचीही दोन्ही बाजूंना काही गुणांची मर्यादा उरतेच. मात्र ०.८ हा मी धरलेला आकडा आहे. चाचण्या वेगवेगळ्या वयात आणि वेगवेगळ्या आवृत्त्यांवर झाल्या असतील, तर आधी तो आकडाच सिद्ध करावा लागतो.